उसनी वाक्ये की यंत्राचा मजकूर? तपासायचे कसे आणि कोणत्या क्रमाने

विद्यार्थ्याचा प्रबंध असो, मासिकाकडे आलेला लेख असो की संस्थेचा अहवाल, तपासणारा माणूस हल्ली एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, दोन टक्केवाऱ्या बघतो, आणि त्यावरून निकाल देतो. साम्याचा आकडा कमी असला तर "मूळ लेखन", यंत्राचा आकडा जास्त असला तर "एआयने लिहिलेले". हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात, कारण हे दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टी मोजतात.

मोझॅक पद्धतीच्या वाङ्मयचौर्यात लेखक पाच-सहा ठिकाणची वाक्ये उचलतो, त्यांतले काही शब्द बदलतो आणि ती एकापुढे एक लावतो. इथे प्रत्येक वाक्याला मूळ स्रोत असतो, आणि तो शोधून शेजारी ठेवता येतो. यंत्राने तयार केलेल्या मजकुराला सहसा असा एकच स्रोत नसतो. त्यामुळे तिथे "हे बघा मूळ" असे दाखवता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. म्हणून आधी स्रोत शोधायचा आणि यंत्राचा विचार नंतर करायचा. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत.

## टप्पा 1: मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा

मजकूर ज्या स्वरूपात आला त्याच स्वरूपात त्याची एक प्रत बाजूला ठेवा. वर्डची फाइल आली असेल तर लगेच तिची पीडीएफ करू नका. फॉन्ट सारखा करू नका, समास नीट करू नका, शुद्धलेखनही तपासू नका. चिकटवलेल्या मजकुराच्या बऱ्याच खुणा याच साफसफाईत नाहीशा होतात: एखाद्याच परिच्छेदामागची फिकट करडी पार्श्वभूमी, मध्येच बदललेला फॉन्ट, काही ओळींत सरळ तर काही ओळींत वळणदार अवतरणचिन्हे, वेबपानावरून आलेली न तुटणारी रिकामी जागा.

या खुणांनी काहीच सिद्ध होत नाही. आपल्याच जुन्या टिपणातून मजकूर चिकटवला तरी त्या उमटतात. पण कुठून वाचायला सुरुवात करायची ते त्या सांगतात.

## टप्पा 2: सॉफ्टवेअरच्या आधी स्वतः वाचा आणि सांध्यांवर खुणा करा

छापील प्रत आणि पेन्सिल घ्या. मजकूर पटत नाही म्हणून नव्हे, तर लिहिणारा बदलला असे वाटते तिथे समासात रेघ मारा. मोझॅक लेखनात असे सांधे हमखास सापडतात. त्यांतले तीन मला सर्वांत भरवशाचे वाटतात.

पहिला सांधा संज्ञांचा. एकाच गोष्टीला एका परिच्छेदात "विरंजन", पुढच्यात "रंगहीनता" आणि त्यापुढच्यात "ब्लीचिंग" म्हटलेले असते, आणि हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी आहेत असे कुठेही सांगितलेले नसते. दुसरा सांधा आधार नसलेल्या उल्लेखांचा. "वर नमूद केल्याप्रमाणे" म्हटलेले असते, पण वर तसे काही नसते. "पुढील तक्त्यात" असते, पण तक्ता नसतो. तिसरा सांधा आकडे लिहिण्याच्या पद्धतीचा. एकीकडे "एक अंश सेल्सिअस", दोन ओळींनंतर "1°C", मग "१ डिग्री".

यंत्राच्या मजकुरात असे सांधे सहसा नसतात. सगळा मजकूर एकाच सुरात चालतो, संज्ञा बदलत नाही, परिच्छेद जवळपास एकाच लांबीचे असतात. दोष वेगळ्या जागी असतो: विधाने इतकी सर्वसाधारण असतात की त्यांना चूकही म्हणता येत नाही. मात्र काळजीपूर्वक संपादन केलेले माणसाचे लेखनही असेच एकसुरी असते. म्हणून "सांधे नाहीत" यावरून यंत्राचा निष्कर्ष काढू नका.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी तुमच्याकडे खुणा केलेली किमान एक प्रत असली पाहिजे. ती नसेल तर सॉफ्टवेअरने रंगवलेले भाग तेवढेच तुम्हाला दिसतील.

## टप्पा 3: स्रोत शोधा आणि वाक्यासमोर वाक्य ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

साम्य शोधणारी सॉफ्टवेअर साधारणपणे मजकुराचे ओळीने काही शब्दांचे छोटे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा ठसा घेतात आणि तो आपल्या साठ्यातल्या ठशांशी जुळवून पाहतात. सलग शब्द जुळले की साम्य दिसते. मोझॅक लेखन नेमके हेच चुकवते, आणि मराठीत ते चुकवणे आणखी सोपे आहे. उदाहरण म्हणून प्रवाळांवरचे एक वाक्य घेऊ. ते मूळ स्रोतात असे आहे, असे धरू:

"प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा ते प्रवाळाला देतात."

आणि तपासायला आलेल्या लेखात असे आहे:

"प्रवाळाच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवालांचे वास्तव्य असते आणि प्रकाशसंश्लेषणाद्वारे निर्माण झालेल्या अन्नाचा बराच हिस्सा ते प्रवाळास पुरवतात."

मूळ वाक्यात 15 शब्द आहेत. त्यांतले जसेच्या तसे आलेले शब्द फक्त पाच: प्रवाळाच्या, आणि, झालेल्या, अन्नाचा, ते. सलग जुळणारे शब्द जास्तीत जास्त दोन, "झालेल्या अन्नाचा". पाच शब्दांचे तुकडे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला इथे काहीही सापडणार नाही. "पेशींमध्ये"चे "पेशींत" आणि "प्रवाळाला"चे "प्रवाळास" झाले. बदलला तो फक्त प्रत्यय, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते निराळे शब्द झाले.

आता शब्द बाजूला ठेवून कल्पनांचा क्रम लिहून काढा: पेशी, शैवाल, राहणे, प्रकाशसंश्लेषण, अन्न, मोठा भाग, प्रवाळ, देणे. आठही पायऱ्या दोन्ही वाक्यांत त्याच क्रमाने आहेत. "आणि"सुद्धा त्याच जागी आहे. वाक्याचा सांगाडा मूळ लेखकाचा आणि वरचे शब्द तेवढे बदललेले, मोझॅकचा पुरावा तो हाच.

पण एका वाक्यावर थांबू नका. प्रवाळ आणि शैवाल यांचे नाते कोणी कसेही समजावले तरी थोडेफार याच क्रमाने समजावेल. म्हणून मी लेखकाने स्वतः निवडलेल्या गोष्टी शोधतो: कोणते उदाहरण घेतले, कोणता आकडा दिला, काय सांगायचे सोडले. समजा, पुढचे वाक्य दुसऱ्या स्रोतातून आले आहे आणि त्यात म्हटले आहे की सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश सेल्सिअसने अधिक तापलेले राहून काही आठवडे गेले, तर प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो. लेखात त्याच ठिकाणी "दर्यातील जल" "ग्रीष्मातील" सरासरीपेक्षा एका अंशाने अधिक तापल्याचे लिहिले आहे. "दर्या", "जल", "ग्रीष्म" हे शब्द त्या लेखात आणखी कुठेही नाहीत. नेहमीच्या शब्दाच्या जागी असा न शोभणारा पर्यायी शब्द बसला, की तिथे मूळ शब्द काय असेल याचा अंदाज घ्या आणि त्याने शोधा.

हाच प्रकार इंग्रजी शोधनिबंधांत मोठ्या प्रमाणावर सापडला आहे. गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मॅगाझिनोव्ह यांनी 2021 मध्ये अशा शब्दप्रयोगांची यादी मांडली. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"च्या जागी "काउंटरफिट कॉन्शसनेस", "ब्रेस्ट कॅन्सर"च्या जागी "बूझम पेरिल". शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने पारिभाषिक संज्ञांचेही समानार्थी शब्द दिले, आणि लेखकांनी ते वाचूनही पाहिले नाहीत.

शोध घेताना तीन गोष्टी पाळा.

1. ज्या शब्दांना पर्याय नाही तेच शब्द शोधा. आकडे, व्यक्तींची आणि ठिकाणांची नावे, शास्त्रीय संज्ञा. क्रियापदे आणि विशेषणे वगळा, कारण तीच बदललेली असतात.
2. पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधू नका. मोझॅकमध्ये पूर्ण वाक्य जसेच्या तसे कुठेच नसते, आणि "काही सापडले नाही" हे उत्तर तुमची दिशाभूल करते.
3. तेच शब्द इंग्रजीतही शोधा. मराठीतले बरेच मोझॅक हे इंग्रजी स्रोतांचे भाषांतर असते, आणि मराठी ते मराठी जुळवणीत ते कधीच दिसत नाही. भाषांतरातही आकडे, नावे आणि मांडणीचा क्रम टिकून राहतो.

सापडलेले प्रत्येक वाक्य तीन रकान्यांच्या तक्त्यात लिहा: लेखातले वाक्य, स्रोतातले वाक्य पानासह, आणि कल्पनांचा जुळलेला क्रम. माझ्या मते एकाच परिच्छेदात सलग तीन वाक्ये अशी जुळली आणि ती दोन किंवा अधिक स्रोतांतली असली, तरच मोझॅक म्हणावे. त्याहून कमी असेल तर लेखकाला दाखवून दुरुस्त करायला सांगणे पुरेसे आहे.

सावधान: परिच्छेदाच्या शेवटी संदर्भ दिला म्हणून प्रश्न मिटत नाही. संदर्भ माहितीची जबाबदारी सांगतो. वाक्यरचना दुसऱ्याची आहे हे वाचकाला त्यातून कळत नाही. मात्र संदर्भ असलेला मोझॅक आणि संदर्भ लपवलेला मोझॅक यांना एकाच मापाने मोजू नका. पहिला बहुतेक वेळा नीट न शिकल्याचा परिणाम असतो.

## टप्पा 4: आता साम्याचा अहवाल काढा, पण गाळण्या बंद करून

अहवालाच्या सेटिंगमध्ये सहसा छोटे स्रोत वगळण्याची सोय असते: अमुक टक्क्यांहून किंवा अमुक शब्दांहून कमी जुळणारे स्रोत दाखवू नका. अहवाल सुटसुटीत दिसावा म्हणून बरेच जण ती चालू ठेवतात. मोझॅक तपासताना ती बंद करा. सात स्रोतांतून प्रत्येकी दोन-तीन टक्के घेतलेला लेख याच गाळणीतून अलगद निसटतो.

मग एकूण आकडा सोडून स्रोतांची यादी बघा. एकूण साम्य 20 टक्के आहे, पण ते सगळे संदर्भसूची, कायद्याची कलमे आणि अवतरणातल्या उताऱ्यांचे आहे, तर तिथे काहीच गैर नाही. दुसऱ्या लेखात एकूण साम्य फक्त 9 टक्के आहे, पण रंगवलेले तीन-तीन, चार-चार शब्दांचे तुकडे तुम्ही पेन्सिलने खुणा केलेल्या परिच्छेदांत दाटीने पडले आहेत आणि दर दोन ओळींना स्रोताचा रंग बदलतो, तर तो लेख पुन्हा टप्पा 3 मधून न्या.

यंत्राने लिहिलेल्या मजकुराचे साम्य बहुतेक वेळा कमीच निघते. कमी साम्य हे मूळ लेखनाचे प्रमाणपत्र नाही, तसेच यंत्राचा पुरावाही नाही.

## टप्पा 5: एआय ओळखणाऱ्या साधनाचा आकडा वाचायचा कसा

ही साधने स्रोत शोधत नाहीत. पुढचा शब्द किती सहज ओळखता येण्यासारखा होता, वाक्यांची लांबी आणि वळण किती बदलते, अशा गोष्टींवरून ती अंदाज बांधतात. भाषेचे मॉडेल साधारणपणे संभाव्य शब्द निवडते, म्हणून त्याचा मजकूर "अपेक्षित" वाटतो. पण साचेबद्ध, बेतशीर लिहिणाऱ्या माणसाचा मजकूरही तसाच वाटतो. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना टोफेल परीक्षेतले 91 निबंध दिले. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले.

आकडा फसवतो कसा, ते एका हिशेबात पाहू. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये स्वतःचे ओळख-साधन आणले तेव्हा कंपनीनेच सांगितले होते की त्यांच्या इंग्रजी चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्के ते पकडते आणि माणसाच्या मजकुरापैकी 9 टक्के चुकून यंत्राचा ठरवते. आता समजा तुमच्याकडे 200 लेख आले आणि त्यांतले 20 खरोखर यंत्राचे आहेत. साधन त्या 20 पैकी साधारण 5 पकडेल. उरलेल्या 180 प्रामाणिक लेखांपैकी साधारण 16 लेखांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या 21 जणांपैकी 16 जण निर्दोष. अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने ते साधन जुलै 2023 मध्ये मागे घेतले. आजच्या साधनांचे आकडे याहून बरे असले तरी हिशेब हाच करावा लागतो: गुन्हेगार थोडे आणि निर्दोष पुष्कळ असतील, तर चुकांचा लहानसा दरही पुष्कळ निर्दोषांना अडकवतो.

म्हणून आकडा बघण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे साधन मराठीसाठी तपासलेले आहे का? नसेल तर आकडा नोंदवूच नका. मजकूर पुरेसा लांब आहे का? दोन परिच्छेदांवरून आलेला आकडा निरुपयोगी असतो. आणि "60 टक्के"चा अर्थ काय? काही साधने 60 टक्के मजकूर यंत्राचा असल्याचे सांगतात, तर काही यंत्राचा असण्याची शक्यता 60 टक्के असल्याचे. दोन्हींत फार मोठा फरक आहे.

सावधान: ज्याचा मोझॅक पकडला त्याचाच यंत्राचा आकडाही जास्त आला, तर त्याला दोन पुरावे म्हणू नका. शब्द बदलून देणारे सॉफ्टवेअर वापरले की मोझॅकवरही यंत्राची छाप पडते. असा मजकूर सपाट होतो, सांधे झिजतात, पण कल्पनांचा क्रम तसाच राहतो. तिथे टप्पा 3 चा तक्ताच पुरावा असतो, यंत्राच्या आकड्याची गरज नाही.

## टप्पा 6: संदर्भसूची एकेक करून उघडा

यंत्राच्या मजकुराबाबत भक्कम पुरावा मिळण्याची शक्यता मला सर्वांत जास्त इथे दिसते. प्रत्येक नोंदीचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, doi.org वर टाका. क्रमांक उघडतच नाही, किंवा उघडतो पण तिथे निराळाच लेख येतो, तर मासिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका बघा. यंत्राने रचलेला संदर्भ फार पटणारा असतो: लेखक त्या विषयातला खरा, मासिक खरे, वर्ष शक्य कोटीतले, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो.

मोझॅकमधले संदर्भ वेगळ्या तऱ्हेने चुकतात. ते खरे असतात, पण उसने असतात. मूळ स्रोतात पान क्रमांक चुकला असेल तर तीच चूक इथेही येते, आणि संदर्भांचा क्रमही तसाच उतरतो. मजकुरात कुठेतरी [14] उरलेला असतो आणि सूचीत नोंदी नऊच असतात. एखादी उसनी चूक सापडली की मूळ स्रोतही बहुधा सापडतो.

वेबदुव्यांवरही नजर टाका. दुव्याच्या शेवटी अशी शेपटी दिसू शकते:

```
?utm_source=chatgpt.com
```

याचा अर्थ एवढाच की तो दुवा चॅटजीपीटीमधून घेतला. मजकूरही तिथूनच आला, असे यावरून म्हणता येत नाही. दुवे शोधायला साधन वापरले आणि लेख स्वतः लिहिला, असेही घडते.

## टप्पा 7: मसुदे मागा, मग बोला

गूगल डॉक्समध्ये लिहिले असेल तर आवृत्त्यांचा इतिहास दाखवायला सांगा. माणसाचे लेखन वाढत जाते, खोडले जाते, परिच्छेद वरखाली होतात. 1,200 शब्द एकदम अवतरले असतील तर ते कुठून आले हे विचारणे रास्त आहे. पण उत्तर आधीच ठरवू नका. कोणी वहीत लिहितो, कोणी फोनवर, आणि शेवटी एकदम चिकटवतो. वर्डच्या फाइलमधली संपादनाची एकूण वेळ याच कारणाने फसवी असते: मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवला की मोजणी शून्यापासून सुरू होते.

बोलताना "तुम्ही एआय वापरले का" या प्रश्नाने सुरुवात करू नका. मजकुरातूनच विचारा. प्रवाळांच्या लेखात मी विचारेन: "सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी असे म्हटले आहे, ती कशी काढतात? एक दिवस पाणी तापले तर चालते, मग काही आठवडे का लागतात? हा आकडा कुठे वाचला?" मोझॅक करणाऱ्याने बहुधा स्रोत वाचलेले असतात. तो तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि बऱ्याचदा तक्ता समोर ठेवला की मान्यही करतो. ज्याने तयार मजकूर न वाचता दिला, तो पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. घाबरलेला प्रामाणिक माणूसही अडखळतो, म्हणून त्याला आपली टिपणे घेऊन दुसऱ्या दिवशी यायची मुभा द्या.

## टप्पा 8: निष्कर्ष लिहिताना

मोझॅकसाठी तक्ता जोडा आणि लिहा: "पान 4 वरील सलग पाच वाक्ये पुढील दोन स्रोतांच्या वाक्यरचनेवर बेतलेली आहेत, स्रोतांचा उल्लेख नाही." सॉफ्टवेअरची टक्केवारी यात लागत नाही.

यंत्राच्या मजकुराबाबत फक्त जे पडताळता आले तेच लिहा: "सूचीतील नोंदी 3, 7 आणि 11 अस्तित्वात नाहीत. लेखकाकडे मसुदा किंवा टिपण नाही. पान 2 वरील आकड्याचा आधार सांगता आला नाही." "लेख 87 टक्के एआय आहे" हे वाक्य लिहू नका, आव्हान दिले गेले तर ते दुसऱ्यांदा तपासून दाखवता येणार नाही, कारण त्याच मजकुराला दुसरे साधन दुसरा आकडा देते. बनावट संदर्भ हा यंत्राने दिला असो वा माणसाने रचला असो, स्वतःच दोष आहे, आणि तेवढ्यावर कारवाई करता येते.

आणि शैली सोडून हाताला काहीच लागले नाही, तर नोंदीत "पुरावा नाही" असे लिहा आणि लेख इतर कुठल्याही लेखासारखा त्याच्या मजकुरावरून तपासा. मोघम विधाने असतील तर त्यांचे गुण तिथेच कमी करा.